१८९७ च्या पुण्यात दोन माणसांना भेटवताना

ऐतिहासिक प्रेमकथा लिहिण्यासाठी अभ्यास कुठून सुरू करावा? बहुतेक जण काळापासून सुरू करतात. आधी साल, मग राज्यकर्ते, मग पोशाख. आम्ही उलटीकडून गेलो. प्रश्न एवढाच ठेवला की ही दोन माणसं एकमेकांशी एकांतात बोलू शकतात का, आणि नसतील तर त्यांना नेमकं कोण, काय आणि कधी अडवतं? प्रेमकथेत काळाचा तपशील या अडथळ्यांतून आत येतो. जो तपशील त्या दोघांना अडवत नाही किंवा वाट करून देत नाही, तो खरा असूनही बहुधा कथेबाहेर राहतो.

कथा १८९७ च्या पुण्यातली. शहरात प्लेग होता. मार्च ते मे या महिन्यांत गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते. जूनच्या २२ तारखेच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एवढा मोठा इतिहास हाताशी असला की लेखकाला सगळंच सांगावंसं वाटतं, आणि प्रेमकथा तिथेच मरते.

नायक-नायिका म्हणून सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातलं ब्राह्मण जोडपं घेतलं. सगुणा वीस वर्षांची, माधव सव्वीसचा आणि मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकून. अविवाहित वीस वर्षांची नायिका त्या घरात बसत नाही. असली, तर ती का अविवाहित आहे हाच कथेचा विषय होऊन बसतो. म्हणून लग्न लहानपणीच झालेलं, पण ओळख अजून व्हायची आहे, असं धरलं. मधली वर्षं तो शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेरगावी. हे धरलं की लगेच दुसरी गोष्ट गळ्यात येते. वीस वर्षांची सून आणि घरात पाळणा नाही, म्हणजे वाड्यातली प्रत्येक बाई, शेजारीण आणि पाहुणी त्यावर बोलणार. हा ताण न दाखवता पुढे गेलं तर कपडे, दागिने, भांडी कितीही अचूक असली तरी घर आजचं वाटतं.

टिपणांसाठी एक साधा तक्ता केला. वस्तू किंवा चाल, ती पुण्यात पहिल्यांदा कधी दिसते, या थराच्या घरात ती सवयीची कधी होते, तिला हात कोण लावतं, आणि ती कोणत्या प्रसंगात लागते. यातला दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवणं फार महत्त्वाचं. चुका बहुधा तिथेच होतात. चहाचंच पाहा. १८९७ मध्ये पुण्यात चहा होता, शिकलेल्या काही घरांत तो होतही होता. पण सोवळ्याओवळ्याच्या वाड्यात सून पहाटे नवऱ्याला चहाचा कप नेऊन देते, हे ‘तेव्हा चहा होता’ एवढ्या पुराव्यावर लिहिता येत नाही. एखादी गोष्ट गावात असणं, घरात असणं आणि त्या माणसाच्या सवयीची असणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीचा पुरावा मिळेना, तर ती वस्तू सोडून द्यायची. चहाऐवजी गरम दूध लिहिलं की कुणाचं काही बिघडत नाही.

साधनांचेही स्वभाव ओळखून घ्यावे लागतात. १८८५ साली निघालेले मुंबई गॅझेटियरचे पुणे जिल्ह्याचे खंड जातवार घरं, कपडे, भांडी, सणसमारंभ आणि खर्चांचे अंदाज देतात. पण ते सरकारी नजरेचं आणि पुरुषांकडून मिळवलेलं वर्णन आहे. माजघरात काय चालतं ते त्यात पुसटच. ती बाजू स्त्रियांच्या आत्मकथनांतून भरून निघते. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, म्हणजे त्यांत सांगितलेल्या कित्येक प्रसंगांनंतर दशकांनी. घरातल्या बायकांचे टोमणे, नवऱ्याशी बोलण्याची रीत, शिकणाऱ्या सुनेचा कोंडमारा यांसाठी असं पुस्तक सोन्यासारखं. तारीख मात्र त्यावरून ठरवू नये. वर्तमानपत्रांचं याच्या उलट. अग्रलेखांतून राजकारण कळतं, पण कथेला उपयोगी पडतात त्या जाहिराती. कोणतं तेल, कोणतं औषध, कोणतं घड्याळ विकायला होतं, ते तिथे तारखेसह सापडतं. फक्त जाहिरात म्हणजे विक्रेत्याची इच्छा. घराघरांत ती वस्तू होती असा त्याचा अर्थ नव्हे.

आता एक प्रकरण घेऊन हे सगळं कसं उतरतं ते सांगतो. माधव पाडव्यासाठी मुंबईहून घरी येतो. त्या वर्षी पाडवा एप्रिलच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे ऐन झडत्यांच्या दिवसांत.

आधी गाडी. मुंबई-पुणे रस्ता जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा, अंतर सुमारे ११९ मैल. बोरघाटात खंडाळ्याजवळ उलटं स्टेशन होतं. गाडी एका टोकाशी जाऊन थांबे, आणि तिथून दिशा बदलून पुढे निघे. तोवर पुढे तोंड करून बसलेला माणूस त्यानंतर पाठमोरा प्रवास करी. ही व्यवस्था १८६३ पासून पुढे १९२९ पर्यंत होती, म्हणजे १८९७ साठी निर्धास्त वापरता येते. उलट्या स्टेशनचं वर्णन करण्याचा मोह फार होतो. पण माधव या रस्त्याने वर्षानुवर्षं जातो-येतो, त्याला त्याचं कौतुक नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की गाडी उलटली की घर जवळ आलं. म्हणून मसुद्यात एकच वाक्य राहिलं: गाडी उलटी फिरली तसा तो जागा झाला आणि त्याने उपरण्याची घडी नीट केली. ज्याला उलटं स्टेशन माहीत आहे तो वाचक हसतो. ज्याला माहीत नाही त्यालाही कळतं की हा माणूस आता घरच्या तयारीला लागला.

मग वेळ. इथे एक सुंदर भानगड मिळाली. तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, आणि गावं आपापल्या सूर्यावर. मद्रास सुमारे ८० अंश १५ कला पूर्व रेखांशावर, पुणे ७३ अंश ५१ कलांवर. फरक ६ अंश २४ कलांचा. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ २६ मिनिटं. रेल्वेच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्याच्या सूर्याप्रमाणे ७ वाजून ३४ मिनिटं झालेली असतात. वाड्यातलं घड्याळ गावच्या वेळेवर लावलेलं धरलं, तर माधवने पत्रात लिहिलेली वेळ आणि सगुणा वाट पाहते ती वेळ यांत अर्धा तास सांडतो. हे कथेत समजावून सांगायला गेलो तर एक पान खर्ची पडतं. म्हणून मामंजींच्या तोंडी कुरबूर घातली, ‘रेल्वेचे आठ की आपले आठ?’ एवढीच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तोवर हा प्रश्न स्वाभाविक होता. आणि सासूबाई ‘अजून वेळ आहे’ म्हणून निवांत असताना सगुणेला मात्र तो दारात आलेला दिसतो. अर्धा तास तिच्या वाट्याला आला, तो त्या कुरबुरीमुळे.

पत्रात लिहिलेली वेळ असं म्हटलं खरं, पण पत्र कसलं? पोस्टकार्ड १८७९ मध्ये आलं, पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. बंद पाकिटाला अर्धा आणा, दोन पैसे. एका पैशाचा फरक, पण सबंध प्रेमकथा त्यात मावते. कार्ड ओटीवर येतं, मामंजी ते मोठ्याने वाचतात, सगळ्यांना कुशल कळतं. पाकीट आलं तर ते कुणाच्या नावाने आलं, हे सगळं घर विचारतं. बायकोच्या नावाने पाकीट पाठवणं म्हणजे उघडउघड धिटाई. तेव्हा माधव तिच्याशी बोलतो ते कार्डावरच, पण वडिलांना लिहिलेल्या मजकुरात. ‘तुळशीला पाणी घालणाऱ्याची प्रकृती ठीक असेल’ असं काहीतरी. डाक किती पैशांची, हे कथेत कुठेच सांगावं लागलं नाही. नंतरच्या एका प्रकरणात पाकीट येतं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणतात, ‘दोन पैसे जड झाले होय?’

स्टेशनवर प्रवाशांची तपासणी होत होती. ताप आहे का पाहत, काखेत-जांघेत गाठ आहे का पाहत. संशय आला तर माणसाला वेगळं ठेवत. पहिल्या खर्ड्यात हा भाग असा होता:

‘त्या काळी मुंबईत प्लेगची साथ असल्यामुळे सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचा कायदा केला होता. त्यानुसार रेल्वेने येणाऱ्या सर्व प्रवाशांची स्थानकांवर तपासणी होत असे. त्यामुळे माधवला उशीर झाला.’

यात एकही चूक नाही, तरी वाचवत नाही. ‘त्या काळी’ हे शब्द आले की समजावं, पात्रांच्या डोक्यावरून लेखक वाचकाशी बोलू लागला. दुसरी खूण म्हणजे ‘होत असे’, ‘करत असत’ अशी क्रियापदं. सवयीचा भूतकाळ सलग दोन-तीन वाक्यं चालला की प्रसंग थांबलेला असतो. पुढचा खर्डा असा झाला:

‘“काख दाखवल्याशिवाय सोडत नाहीत आता,” तो म्हणाला, आणि उपरणं खुंटीला न लावता तसाच न्हाणीकडे वळला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. ओटीवरून सासूबाई पाहत होत्या, त्यामुळे विचारता येणार नव्हतं. तांब्या देताना तिने बोटं जरा जास्त वेळ राहू दिली. हात थंड होता.’

साथ, तपासणी, भीती, सासूबाईंचा पहारा आणि त्या दोघांचा पहिला स्पर्श, सगळं त्या तांब्यात आलं. तिच्या स्पर्शाला प्लेगनेच निमित्त दिलं. कायद्याची तारीख टिपणवहीत राहिली, आणि तिची जागा तीच. ती माहीत असल्याने एवढंच झालं की हा प्रसंग जानेवारीत घालायचं टळलं.

रात्रीच्या भेटीसाठी वाडा पायाखालून घालावा लागला. दिंडी, चौक, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, वरची माडी, मागे परसू. नावं पाठ असून भागत नाही. कुणाच्या अंथरुणावरून कुणाला जावं लागतं ते कागदावर आखावं लागतं. माजघरात सासूबाई, आत्याबाई आणि पोरं निजलेली, जिना तिथूनच वर जातो. लाकडी पायऱ्या कुरकुरतात, हातात काचेच्या बांगड्या. तिने वर जायचं म्हणजे बांगड्या कोपराकडे सारून एका हाताने दाबून धरायच्या, मग दिवा कुठल्या हातात? इथे अडलं तेव्हा तिला अंधारातच वर पाठवली. पुण्यातले विश्रामबागवाडा, नानावाडा पाहून जिन्यांची रुंदी आणि चौकाचा उजेड कळतो, पण ते मातब्बरांचे वाडे. केळकर संग्रहालयातल्या दिव्यांचं आणि अडकित्त्यांचंही तेच. जे देखणं होतं ते जपलं गेलं, रोजचं झिजून मोडीत गेलं. कारकुनाच्या घरात संग्रहालयातली समई ठेवली की घर एकदम श्रीमंत होतं, म्हणून पाहून आलेल्या वस्तूंतून नक्षी वजा करून लिहावं लागतं.

उजेडाचा अंदाज पुस्तकातून येत नाही, तो करून पाहावा लागतो. सगळे दिवे मालवून एका वातीची तेलाची पणती लावा आणि पाच-दहा मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. छापील पान हातभर अंतरात आणल्याशिवाय वाचता येत नाही. समोरच्या माणसाचा दिव्याकडचा गाल दिसतो, दुसरा नाही. खोलीच्या कोपऱ्यात कोण आहे ते ओळखू येत नाही. म्हणजे ‘दारातून तिने त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं’ हे वाक्य त्या खोलीत खोटं. तिला जवळ जावं लागेल, आणि जवळ गेली की प्रसंग आपोआप पुढे सरकतो. घासलेटची चिमणी किंवा कंदील उजेड जास्त देतो, पण वास आणि काजळीही देतो. सकाळी काच पुसणारी बाई सांगू शकते की रात्री माडीवर दिवा किती वेळ जळत होता.

चंद्राचं गणित मात्र करावंच, कारण प्रेमकथेत चांदणं फार सढळ हाताने सांडलं जातं. पाडव्याच्या आदल्या रात्री प्रश्नच नाही, अमावास्या. पुढे २२ जूनच्या रात्रीचा प्रसंग होता, तिथे हिशेब लागला. पक्की धरता येईल अशी एक अमावास्या हाताशी होती. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रातून दिसलं होतं, आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, नेमका २९.५३. सात महिने मागे गेलं की २०६.७ दिवस, म्हणजे २९-३० जून १८९७ ची अमावास्या. त्याआधी पंधरवडाभर, १४-१५ जूनला पौर्णिमा, आणि महिना ज्येष्ठ, म्हणजे वटपौर्णिमा. २२ जून त्यानंतर सात-आठ दिवसांनी, वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपास. या तिथींना चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. म्हणजे संध्याकाळपासून अंधार, आणि उशिरा उगवणारा अर्धा चंद्रही जूनच्या ढगांआड असण्याची शक्यता मोठी. सरासरी घेऊन केलेल्या या हिशेबात एखाद्या दिवसाची चूक येऊ शकते, तेव्हा कथेत तिथीचं नाव घालायचं असेल तर त्या सालचं पंचांग पाहिल्याखेरीज घालू नये. ‘चंद्र अजून वर आला नव्हता’ एवढं मात्र निर्धास्त लिहिता येतं. हिशेबाने दिलेली वटपौर्णिमा तर आयतीच हाती लागली. नवरा मुंबईत, शहरात प्लेग, आणि ही वडाला फेरे घालते आहे. त्या प्रसंगाला साथीबद्दल एक शब्दही लागत नाही.

सर्वांत जास्त काम संवादांवर झालं. सगुणा नवऱ्याचं नाव घेणार नाही, त्याला ‘तुम्ही’ म्हणतानाही अडखळेल. ‘इकडून केव्हा येणं झालं?’, ‘जेवायला बसायचं ना?’ अशी कर्त्यालाच गाळून केलेली वाक्यं ती बोलेल. तो तिला ‘अगं’, ‘तू’ म्हणेल, पण चारचौघांत तेही नाही. तिऱ्हाइताला सांगावं तसं हवेत बोलेल: ‘पाणी मिळेल का?’ ही बोली ओळीओळीला घातली तर दोन पानांत तिचं सोंग होतं. आम्ही ती पहिल्या दोन भेटींत पूर्ण ठेवली, वाचकाच्या कानाला सवय झाली तशी पातळ केली, आणि जिथे ती मोडते त्या जागेसाठी राखून ठेवली. माडीवरच्या अंधारात ती पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणते. १८९७ ची रीत वाचकाला न सांगता कळलेली असेल, तरच तो एक शब्द दचकवतो. तसंच बांगडीचं. धक्क्याने बांगडी फुटली तर ती ‘फुटली’ म्हणणार नाही, ‘वाढवली’ म्हणेल. सकाळी सासूबाई विचारतात, ‘कशानं वाढवली?’ तेवढ्यात रात्र उघडी पडते.

शब्दांचं वय तपासायला मोल्सवर्थचा कोश बरा, १८५७ ची दुसरी आवृत्ती. त्यात शब्द त्या अर्थाने सापडला तर वापरायला हरकत नाही. सापडला नाही म्हणून तो नव्हताच असं मात्र नाही, विशेषतः बायकांच्या बोलण्यातला. धोका जुन्या शब्दांपेक्षा आजच्या कल्पनांचा जास्त. ‘मला थोडा वेळ हवाय’, ‘आपलं नातं’, ‘तुझ्या भावनांचा आदर’ यांतला एकेक शब्द तेव्हाही होता, पण ही वाक्यं त्या माडीवर कुणी बोलणार नाही. असं वाक्य सापडलं की त्याजागी जुनं वाक्य शोधत बसू नये. त्या माणसाने त्या वेळी काय केलं असतं ते शोधावं. बहुतेक वेळा तो काहीच बोलत नाही, पान लावून तिच्यापुढे करतो.

तरीही काही गोष्टी सरळ सांगाव्याच लागतात. झडतीत घर रिकामं करून माणसं छावणीत नेतात, हे आजच्या वाचकाला ठाऊक नसेल तर सगुणा भांडी का लपवते आहे ते कळणार नाही. अशा वेळी घरात एखादं अजाण माणूस आणून त्याच्याकडून प्रश्न विचारवून घेण्याची युक्ती लेखक करतात. ती लगेच उघडी पडते, कारण साथ महिनोन्महिने चालू असताना तसं अजाण माणूस वाड्यात असतच नाही. त्यापेक्षा निवेदकाने एका वाक्यात सांगून टाकावं आणि त्याच वाक्यात प्रसंग पुढे न्यावा: ‘सोल्जर आले की सामान चौकात येऊन पडायचं, म्हणून तिने त्याची पत्रं पिठाच्या डब्यात घातली.’ नंतर झडतीत डबा उलटा होतो, पण ते पुढचं.

२२ जूनच्या रात्री रँडच्या गाडीपाशी काय झालं ते कथेत नाही. सगुणेला टेकड्यांवर सोहळ्यानिमित्त पेटवलेल्या होळ्या गच्चीवरून दिसतात, आणि गोळ्या सदाशिव पेठेत ऐकू येण्याचं कारण नाही. सकाळी माणसं हळू आवाजात बोलतात, दूधवाला उशिरा येतो, मामंजी दिंडीला अडसर घालतात. तिला कळतं ते एवढंच की आता गाड्यांवर, रस्त्यांवर चौकशी वाढणार आणि श्रावणात त्याचं येणं व्हायचं नाही. चापेकर हे नाव घरात आणायचं का, यावर आमच्यात वाद झाला. शेवटी ते आणलं नाही, कारण त्या सकाळी वाड्यात ते कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.